गेटजवळचा बंद फलक : कुपवाडमधील एका फाउंड्रीतील स्थायी आदेशांचे प्रकरण

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णेला आलेल्या पुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पाण्याची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. तेथील धोक्याची पातळी 45 फुटांची आहे, म्हणजे नदीकाठच्या गावांची अवस्था काय झाली असेल याची कल्पना करता येते. कुपवाडची औद्योगिक वसाहत उंचावर असल्यामुळे तेथील भट्ट्या मात्र चालू होत्या. तेथील एका फाउंड्रीच्या हजेरीपटावर त्या वेळी 134 कामगार होते. त्यांपैकी फेटलिंग विभागात, म्हणजे ओतीव भाग घासून साफ करण्याच्या विभागात, काम करणारा, 11 वर्षे नोकरी झालेला एक कायम कामगार पलूस तालुक्यातील नदीकाठच्या गावचा होता. तो 5 ऑगस्टपासून 20 ऑगस्टपर्यंत कामावर आला नाही. 21 तारखेला सकाळच्या पाळीला तो गेटवर आला, तेव्हा वॉचमनने त्याला थांबवून सांगितले, "दादा, तुमचं नाव कमी झालंय. ऑफिसातून तसा निरोप आहे."

या प्रकरणात पुढे चौकशी अधिकारी म्हणून कंपनीने माझी नेमणूक केली. कारखान्याचे, कामगाराचे आणि संबंधित व्यक्तींचे नाव येथे देत नाही, कारण त्याची गरज नाही. चौकशीत जे समोर आले ते मात्र तपशिलाने मांडतो आहे. स्थायी आदेश, म्हणजे कारखान्यातील नोकरीच्या अटींचे आणि शिस्तीचे लेखी नियम, नेमके काय असतात, ते कामगाराला कोणते नियम आणि कोणते गुन्हे आधी सांगतात आणि ते सांगितले गेले नाहीत तर काय होते, हे या एका प्रकरणातून जितके स्पष्ट दिसते तितके कायद्याची कलमे वाचून दिसत नाही.

कंपनीने 16 ऑगस्टची तारीख घालून एक पत्र रजिस्टर पोस्टाने त्याच्या गावच्या पत्त्यावर पाठवले होते. "आपण सलग 10 दिवसांपेक्षा जास्त काळ विनापरवाना गैरहजर असल्याने कंपनीच्या नियमांनुसार आपण नोकरी सोडली असे समजून आपले नाव हजेरीपटावरून कमी करण्यात येत आहे," असा त्यातला मजकूर होता. पत्र लिहिले त्या दिवसांत गावात टपाल पोहोचण्याची सोय नव्हती, ते त्याच्या हाती पडले 29 ऑगस्टला. म्हणजे नोकरी गेल्याचे त्याला कागदाने नव्हे तर गेटवर वॉचमनच्या तोंडून कळले. साहजिकच तेथे आवाज चढला. सुपरवायझर बाहेर आले आणि रस्त्यापलीकडच्या चहाच्या गाड्यापाशी दोघांची शाब्दिक चकमक झाली. त्यात कामगाराने अपशब्द वापरले, हे त्याने चौकशीत नाकारले नाही.

युनियनने दुसऱ्याच दिवशी लेखी हरकत घेतल्यावर कंपनीने नाव कमी केल्याचे पत्र मागे घेतले आणि 26 ऑगस्टला निलंबनाच्या आदेशासोबत आरोपपत्र दिले. त्यात तीन आरोप होते. पहिला, सलग 10 दिवसांपेक्षा जास्त काळ रजेशिवाय गैरहजर राहिल्याचा. दुसरा, 21 ऑगस्टला सुपरवायझरला शिवीगाळ करून शिस्तभंग केल्याचा. तिसरा आरोप जुना होता. 1 जुलैला कंपनीने एक परिपत्रक काढून कामाच्या जागी मोबाईल नेण्यास मनाई केली होती आणि 22 जुलैला या कामगाराच्या खिशात मोबाईल सापडला होता. त्या दिवशी त्याला तोंडी समज देऊन सोडून दिले होते, पण आरोपपत्र लिहिताना ती घटना पुन्हा वर काढण्यात आली.

चौकशीच्या पहिल्या बैठकीत मी कंपनीच्या प्रतिनिधीला एकच प्रश्न विचारला : हे तिन्ही आरोप कोणत्या स्थायी आदेशांखाली ठेवले आहेत? त्यांनी माझ्यासमोर एक छापील इंग्रजी नियमपुस्तिका ठेवली. मुखपृष्ठावर कंपनीचे बोधचिन्ह होते आणि आत 40 हून अधिक 'गैरवर्तने' छापली होती. 10 दिवस गैरहजर राहिल्यास नोकरी आपोआप संपुष्टात येईल, हे वाक्यही त्यातच होते. पुस्तिका प्रमाणन अधिकाऱ्याने, म्हणजे स्थायी आदेश तपासून मंजूर करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने, प्रमाणित केलेली आहे का, असे विचारल्यावर बराच वेळ शांतता झाली. ती प्रमाणित नव्हती. काही वर्षांपूर्वी एका सल्लागाराने दुसऱ्या कुठल्या तरी कंपनीच्या पुस्तिकेवरून ती तयार करून दिली होती.

येथे थोडे थांबून कायद्याची बाजू सांगणे आवश्यक आहे. त्या काळात लागू असलेला 1946 चा औद्योगिक रोजगार (स्थायी आदेश) अधिनियम मूळ स्वरूपात 100 किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होता, पण महाराष्ट्रात ती मर्यादा 50 वर आणलेली होती. त्यामुळे 134 कामगारांचा हा कारखाना त्याच्या कक्षेत येत होता याबद्दल शंका नाही. नियम मालकाने मनाने लिहून चालत नाहीत, हा या कायद्याचा गाभा होता. सरकारने नमुना म्हणून आदर्श स्थायी आदेश दिलेले होते. त्यांत बदल हवा असेल तर मसुदा प्रमाणन अधिकाऱ्याकडे पाठवायचा, त्याने तो युनियनला किंवा कामगारांना पाठवून त्यांच्या हरकती मागवायच्या, दोन्ही बाजू ऐकायच्या, तरतुदी न्याय्य आणि वाजवी आहेत का हे तपासायचे आणि मग प्रमाणित प्रत द्यायची, असा रस्ता होता. हा रस्ता पूर्ण होईपर्यंत कारखाना नियमांविना राहत नव्हता, तोपर्यंत आदर्श स्थायी आदेशच लागू मानले जात. या कंपनीने कधी मसुदा पाठवलाच नव्हता. म्हणून तिच्यावर आणि तिच्या कामगारांवर बंधनकारक होते ते महाराष्ट्रात लागू असलेले आदर्श स्थायी आदेश, आणि ती पुस्तिका कितीही चांगल्या कागदावर छापलेली असली तरी कामगाराला शिक्षा करण्यापुरती तिची किंमत शून्य होती.

आपल्याकडच्या साखर कारखान्यांतून आलेल्या वाचकांसाठी एक खुलासा करतो. साखर उद्योगाला वर्षानुवर्षे 1946 चाच, पण वेगळा, मुंबई औद्योगिक संबंध अधिनियम लागू होता आणि त्याखालील स्थायी आदेशांची व्यवस्था निराळी होती. येथे मी जे लिहितो आहे ते इंजिनिअरिंग आणि फाउंड्रीसारख्या इतर कारखान्यांबद्दल आहे.

स्थायी आदेश म्हटले की बहुतेक कामगारांच्या आणि कित्येक अधिकाऱ्यांच्याही डोळ्यांसमोर फक्त शिक्षेची कलमे येतात. प्रत्यक्षात त्यांचा बराच भाग शिक्षेशी संबंधित नाही. कामगार कायम, परिविक्षाधीन, बदली, तात्पुरता किंवा शिकाऊ यांपैकी कोण, हे त्यांनी सुरुवातीलाच ठरवावे लागते. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने 12 महिन्यांत 240 दिवस सलग सेवा केली तर त्याला कायम करण्याची तरतूद महाराष्ट्राच्या आदर्श आदेशांत होती, आणि हंगामी आस्थापनेसाठी हा आकडा 190 दिवसांचा होता. त्यानंतर पाळ्या, कामाचे तास, पगाराचा दिवस आणि सुट्ट्या कामगारांना कशा कळवायच्या, उशिरा येण्याचे परिणाम काय, रजा कोणाकडे मागायची आणि कोण मंजूर करणार, कोणत्या गेटने यायचे आणि झडती कशी घ्यायची, काम तात्पुरते बंद पडले तर काय करायचे, नोकरी संपवताना कोणती नोटीस द्यायची, आणि वरिष्ठांकडून अन्याय झाला तर दाद कोणाकडे मागायची, हे सारे विषय येतात. या शेवटच्या तरतुदीचा उल्लेख मला चौकशीच्या कामात फार क्वचित ऐकू येतो. या प्रकरणातल्या कामगाराला 21 तारखेला ती माहीत असती, तर तो चहाच्या गाड्यापाशी भांडत बसण्याऐवजी व्यवस्थापकाच्या नावे लेखी तक्रार देऊन त्याची पोच घेऊन परतला असता.

गैरवर्तनाची यादी आदर्श आदेशांच्या कलम 24 मध्ये आहे आणि शिक्षा व चौकशीची पद्धत कलम 25 मध्ये. कलम 24 मधील शब्दांकडे मी नेहमी लक्ष वेधतो, कारण जवळजवळ प्रत्येक गुन्ह्याला एखादे विशेषण किंवा अट जोडलेली आहे आणि तीच निर्णायक असते. अवज्ञा नुसती नव्हे तर हेतुपुरस्सर असावी लागते, आणि ज्या आदेशाची अवज्ञा झाली तो कायदेशीर आणि वाजवी असावा लागतो. उशिरा येणे गैरवर्तन होते ते एका महिन्यात किमान चार वेळा घडल्यावर. शिस्तीला बाधक वर्तन आस्थापनेच्या आवारात घडलेले असावे लागते. 10 दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरीच्या कलमात तर पुरेसे कारण आणि समाधानकारक खुलासा यांचाही विचार आहे. आरोपपत्र लिहिणारा ही विशेषणे गाळतो आणि चौकशी तिथेच फसते.

आता पहिल्या आरोपाकडे येतो. दिवसांबद्दल वाद नव्हता. 5 ते 20 ऑगस्ट हे 16 दिवस होतात, त्यातून दोन रविवार आणि 15 ऑगस्ट वजा केले तरी 13 उरतात, म्हणजे कसेही मोजले तरी 10 ची रेषा ओलांडलेलीच होती. रजेचा अर्ज नव्हता हेही खरे. म्हणून प्रश्न उरला तो कारणाचा आणि खुलाशाचा. कामगाराच्या बाजूने युनियनचे पदाधिकारी प्रतिनिधी म्हणून बसले होते. त्यांनी तलाठ्याचा पूरबाधित असल्याचा दाखला आणि घराच्या पंचनाम्याची प्रत हजर केली. त्यानंतर सुपरवायझरांची उलटतपासणी झाली, आणि तिच्यातला एक प्रश्न व एक उत्तर मी जसेच्या तसे नोंदवून घेतले :

"6 तारखेला शेजाऱ्याच्या फोनवरून तुम्हाला त्याचा निरोप मिळाला होता का?"

"निरोप मिळाला होता, पण रजेचा अर्ज नव्हता."

या उत्तरानंतर पहिल्या आरोपात फारसे काही राहिले नाही. गैरहजेरी घडली होती, पण ती कशामुळे घडली हे व्यवस्थापनाला दुसऱ्याच दिवशी ठाऊक झाले होते आणि ते कारण कोणत्याही मापाने पुरेसे होते. शिवाय वेळपालाने आणलेल्या हजेरीपटावरून असे दिसले की त्याच काळात पूरग्रस्त गावांतले आणखी तीन कामगार 10 दिवसांपेक्षा जास्त गैरहजर होते आणि त्यांचे दिवस परतल्यावर रजेत धरले गेले होते. एकाला एक आणि दुसऱ्याला दुसरा न्याय, असा भेद का केला याचे उत्तर कंपनीकडे नव्हते. माझ्या मते खरे उत्तर गेटवरच्या भांडणात होते, पण तो माझा अंदाज आहे आणि अहवालात मी तो लिहिला नाही.

मूळ पत्र कंपनीने मागे घेतले होते, तरीही त्याबद्दल एक गोष्ट अहवालात नोंदवणे मला आवश्यक वाटले. पुस्तिकेऐवजी प्रमाणित स्थायी आदेशातच "आपोआप नोकरी संपली" असे वाक्य असते तरी ते पत्र टिकले नसते. डी. के. यादव यांच्या प्रकरणात 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे नेमका असाच प्रश्न होता. तेथे प्रमाणित आदेशातच 8 दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरीवर नोकरीचा हक्क आपोआप जाण्याची तरतूद होती. तरीही कामगाराला म्हणणे मांडू न देता नोकरीतून काढणे न्यायालयाने अवैध ठरवले आणि त्याला 50 टक्के मागील वेतनासह कामावर घेण्याचा आदेश दिला. 'आपोआप' हा शब्द व्यवस्थापनांना सोयीचा वाटतो, पण नोकरी जाण्यासारख्या गोष्टीत त्या शब्दाच्या आड चौकशी टाळता येत नाही.

दुसरा आरोप शिवीगाळीचा. अपशब्द वापरणे चुकीचे होते आणि कामगाराने माझ्यासमोर त्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली. पण मला ठरवायचे होते ते वर्तन चांगले की वाईट हे नव्हे, तर ते स्थायी आदेशात गैरवर्तन म्हणून सांगितलेले आहे की नाही हे. चकमक रस्त्यापलीकडे, गेटच्या बाहेर घडली होती. कंपनीचे म्हणणे असे की सुपरवायझरांशी संबंध कामामुळेच आलेला असल्याने जागेला महत्त्व नाही. हेच म्हणणे ग्लॅक्सो लॅबोरेटरीज विरुद्ध मेरठचे श्रम न्यायालय या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयापुढे मांडले गेले होते. तेथील स्थायी आदेशात 'आस्थापनेच्या आवारात किंवा लगतच्या परिसरात' असे शब्द होते आणि कंपनीला ते आवारापासून दूर घडलेल्या घटनांनाही लावायचे होते. 1983 च्या निकालात न्यायालयाने ते मान्य केले नाही. ज्या वर्तनामुळे माणसाची नोकरी जाऊ शकते ते कोणते, हे त्याला आधी आणि स्पष्ट शब्दांत कळले पाहिजे, घटना घडून गेल्यावर व्यवस्थापनाने एखाद्या कृतीला गैरवर्तन ठरवून चालणार नाही, आणि शिक्षेची कलमे काटेकोरपणेच वाचली पाहिजेत, असे त्या निकालाचे सार आहे. स्थायी आदेशांमागची सारी भूमिका याहून नेमकेपणाने सांगितलेली माझ्या वाचनात नाही. आमच्या प्रकरणातले कलम आवारापुरते होते आणि गाडा आवारात नव्हता, म्हणून मी दुसरा आरोप सिद्ध न झाल्याचे नोंदवले. कारखान्याबाहेर काहीही केले तरी चालते, असा याचा अर्थ कोणी काढू नये. बाहेरच्या मारहाणीसाठी किंवा धमकीसाठी पोलिसांचा मार्ग खुला असतोच. येथे प्रश्न एवढाच होता की या एका कलमाखाली शिक्षा देता येते की नाही.

तिसऱ्या आरोपाने मला सर्वांत जास्त वेळ विचार करायला लावला. मोबाईलला मनाई करणारे परिपत्रक माझ्या मते पूर्णपणे वाजवी होते. ज्या शॉपमध्ये वितळलेला लोखंडाचा रस लॅडलमधून हलतो आणि शेजारी ग्राइंडर चालू असतात, तेथे कामगाराचे लक्ष फोनकडे जाणे जिवावर बेतू शकते. पण परिपत्रकाच्या शेवटी लिहिले होते की मोबाईल बाळगणे हे 'गंभीर गैरवर्तन' समजले जाईल. असे लिहिण्याचा अधिकार व्यवस्थापनाला नाही. परिपत्रकाने सूचना देता येते, गैरवर्तनाच्या यादीत नवा गुन्हा घालता येत नाही, त्यासाठी स्थायी आदेशांत रीतसर दुरुस्तीच करून घ्यावी लागते. तरीही आरोप तेवढ्यावर निकाली निघत नव्हता, कारण परिपत्रक हा कायदेशीर आणि वाजवी आदेश होता आणि अशा आदेशाची हेतुपुरस्सर अवज्ञा हे कलम 24 मध्ये गैरवर्तनच आहे. म्हणून सारा प्रश्न 'हेतुपुरस्सर' या शब्दावर येऊन थांबला. आदेश माहीत असताना तो मोडला तरच तो हेतुपुरस्सर. त्याला माहीत होते का?

हे पाहण्यासाठी मी दोन्ही पक्षांना बरोबर घेऊन गेटवर गेलो.

वेळपालाच्या खिडकीशेजारी लाकडी चौकटीचा, काचेचे दार असलेला एक फलक होता. काचेला कुलूप होते आणि त्याची किल्ली शोधायला दहा मिनिटे गेली. आत आदर्श स्थायी आदेशांची इंग्रजी प्रत होती, 14 पानांची. ती पाने एकामागे एक ठेवून वरच्या कोपऱ्यात एकाच टाचणीने लावलेली होती. त्यामुळे बंद काचेतून दिसत होते ते फक्त पहिले पान, ज्यावर व्याख्या होत्या. कलम 24, ज्याच्या जोरावर या माणसाची नोकरी घ्यायची होती, त्याच्या खालच्या पानांमध्ये कुठेतरी दडलेले होते. काच उघडल्याशिवाय ते कोणालाही वाचता आले नसते, आणि उघडल्यावरही इंग्रजी न येणाऱ्याला उपयोग नव्हता. मोबाईलचे परिपत्रक त्याच काचेत, खालच्या कोपऱ्यात, तेही इंग्रजीतच होते. आता ते व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकतो, असे कंपनीच्या प्रतिनिधीने सांगितले. ग्रुपमध्ये कोण आहे हे पाहिले तर सुपरवायझर, लिपिक आणि मशीन शॉपचे काही जण, फेटलिंग विभागातला एकही कामगार नव्हता.

कायद्यात याबद्दल संदिग्धता नव्हती. स्थायी आदेशांचा मजकूर इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, त्यासाठीच्या खास फलकांवर, बहुसंख्य कामगार ज्या दाराने आत येतात त्या दारापाशी किंवा जवळ, तसेच कामगार काम करतात त्या प्रत्येक विभागात, ठळकपणे लावण्याचे बंधन 1946 च्या अधिनियमाचे कलम 9 मालकावर घालत होते. मसुदा प्रमाणित झालेला नसला आणि आदर्श आदेशच लागू असले तरी हे कलम तसेच लागू राहत होते. फाउंड्रीत काम करणारे बहुतेक सारे मराठी बोलणारे होते, काही जण उत्तर कर्नाटकातून आलेले. मराठी प्रत नव्हती आणि फेटलिंग, मोल्डिंग किंवा भट्टी यांपैकी एकाही विभागात फलक नव्हता.

येथे काही कामगार प्रतिनिधी घाई करतात आणि फलक नाही म्हणून स्थायी आदेशच लागू नाहीत असा दावा करतात. तो टिकत नाही. आदेशांची वैधता फलकावर अवलंबून नसते, फलक न लावणे हा मालकाचा वेगळा कसूर असतो. पण एखाद्याने आदेश जाणूनबुजून मोडला असा आरोप असेल, तर तो त्याच्यापर्यंत पोहोचला होता हे आरोप करणाऱ्यानेच दाखवले पाहिजे, आणि कुलूपबंद काचेतली इंग्रजी पाने व ज्यात तो नाही असा व्हॉट्सॲप ग्रुप एवढ्यावर ते दाखवता येत नाही. 22 जुलैला तोंडी समज दिल्यानंतर त्याच्याकडे पुन्हा फोन सापडल्याची नोंद नव्हती, ही बाबही त्याच्या बाजूची होती. मी तिसरा आरोप सिद्ध न झाल्याचे लिहिले आणि परिपत्रक मराठीत काढून प्रत्येकाची सही घ्यावी असे सुचवले.

चौकशी चालू असताना आणखी एक दोष समोर आला. निलंबनाच्या पहिल्या महिन्यात कामगाराला काहीही दिले गेले नव्हते. चौकशी होईपर्यंत पैसे नाहीत, असे त्याला सांगण्यात आले होते. निलंबित कामगाराला पहिले 90 दिवस वेतनाच्या निम्मा आणि विलंब त्याच्यामुळे झालेला नसेल तर पुढे 75 टक्के निर्वाह भत्ता देणे बंधनकारक होते. त्याचे वेतन महिना 16,400 रुपये होते, म्हणजे सुरुवातीला महिन्याला 8,200 रुपये देणे होते आणि 24 नोव्हेंबरपासून, 90 दिवस पूर्ण झाल्यावर, 12,300 रुपयांच्या दराने. घरात पुराचा चिखल असताना त्या 8,200 रुपयांशिवाय त्या कुटुंबाने महिना कसा काढला, हे त्याच्या प्रतिनिधीने एका बैठकीत सांगितले. थकबाकी चुकती होईपर्यंत मी पुढची तारीख दिली नाही. पोट उपाशी ठेवून बचाव करायला लावणे ही चौकशी न्याय्य नसल्याची खूण आहे, आणि पुढे प्रकरण श्रम न्यायालयात गेले असते तर हा मुद्दा कंपनीला भारी पडला असता.

अहवाल मी 18 डिसेंबरला दिला. चौकशी अधिकारी फक्त निष्कर्ष देतो, निर्णय व्यवस्थापनाचा असतो. एखादा आरोप सिद्ध झाला असता, तरी शिक्षा ठरवताना गैरवर्तनाची गंभीरता, आधीची सेवा आणि इतर परिस्थिती यांचा विचार करणे कलम 25 प्रमाणे आवश्यक होते, आणि 11 वर्षांच्या स्वच्छ नोंदीपुढे बडतर्फी कोणत्याच हिशेबात बसली नसती. महाराष्ट्रात 1971 च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध अधिनियमाखाली किरकोळ किंवा तांत्रिक गैरवर्तनासाठी धक्कादायक प्रमाणात जास्त शिक्षा देणे ही अनुचित प्रथा आहे. व्यवस्थापनाने अहवाल स्वीकारला. निलंबनाच्या काळाचे उरलेले वेतन दिले गेले, पुरातले दिवस शिल्लक भरपगारी रजेत आणि उरलेले बिनपगारी धरले गेले आणि कामगार 1 जानेवारी 2020 ला फेटलिंगमध्ये परतला.

फलकाचे काम मात्र कंपनीने मनापासून केले, हे मला आवर्जून सांगायचे आहे. मराठी प्रत तयार झाली. 14 पाने एकामागे एक न लावता शेजारी शेजारी लावता येतील एवढे लांब फलक गेटजवळ आणि चार विभागांत बसवले गेले. ते लावण्याआधी कॅन्टीनमध्ये पाळीनिहाय वाचन झाले आणि पहिल्या वाचनाला मला बोलावले होते. शासकीय मराठीचा अडथळा तेथे लगेच जाणवला. 'हेतुपुरस्सर अवज्ञा' म्हणजे काय, असे मोल्डिंगच्या एका वयस्क कामगाराने विचारले, तेव्हा एचआरमधल्या तरुण अधिकाऱ्याने "सांगितलेलं ऐकू येऊनही मुद्दाम न करणं" असे उत्तर दिले. ते वाक्य पुढे फलकावर कंसात लिहिले गेले. मूळ मजकूर तसाच ठेवून शेजारी बोली मराठीत अर्थ देणे यात काहीच गैर नाही, फक्त वाद झाला तर मूळ मजकूरच धरला जाईल हे खाली नोंदवलेले असावे.

त्याच वाचनात भट्टीवरच्या एकाने विचारले, "सलग 10 दिवसांत रविवार धरायचा की नाही?" व्यवस्थापक "धरायचा" म्हणाले, युनियनचे चिटणीस "नाही" म्हणाले. मी सांगितले की यातले कोणतेही उत्तर अंतिम नाही. स्थायी आदेशांच्या अर्थाबद्दल किंवा त्यांच्या लागू होण्याबद्दल प्रश्न असेल तर मालक, कामगार किंवा युनियन यांपैकी कोणीही तो 1946 च्या अधिनियमाच्या कलम 13अ खाली श्रम न्यायालयापुढे नेऊ शकत होते आणि न्यायालयाचा निर्णय सर्वांना बंधनकारक असे. भांडण पेटण्याची वाट न पाहता नुसता अर्थ विचारता येतो, हे त्या खोलीत बसलेल्या कोणालाच माहीत नव्हते, व्यवस्थापकांनाही नाही.

आज याच कारखान्याची स्थिती वेगळी आहे. 2020 ची औद्योगिक संबंध संहिता 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली आणि तिच्यात स्थायी आदेशांच्या प्रकरणासाठी 300 कामगारांची मर्यादा आहे. कुपवाड, मिरज आणि सातारा येथील औद्योगिक वसाहतींतल्या 100-150 कामगारांच्या कारखान्यांवर आता स्थायी आदेश प्रमाणित करून घेण्याचे बंधन राहत नाही. मला हा बदल चुकीचा वाटतो, कारण नियम आधी सांगण्याची गरज 134 कामगारांच्या फाउंड्रीत 300 च्या कारखान्यापेक्षा कमी नसते, उलट तेथे एचआरचा माणूस एकटा असतो आणि पुस्तिका दुसऱ्याची उचललेली असते. अशा ठिकाणी आता सारा भार नियुक्तिपत्रावर येतो, जे नव्या संहितांनुसार प्रत्येकाला देणे आवश्यक आहे. गैरवर्तनाची यादी, शिक्षा, चौकशीची पद्धत आणि तक्रार कोणाकडे करायची हे सारे त्या पत्राला मराठीत जोडावे आणि कामगाराची सही घेऊन एक प्रत त्याच्याकडे द्यावी, असे मी सल्ला मागणाऱ्या प्रत्येक कारखानदाराला सांगतो. त्या फाउंड्रीच्या व्यवस्थापकांचा मला गेल्या महिन्यात फोन आला होता. कायद्याचे बंधन गेले तर गेटवरचे फलक काढायचे का, असे ते विचारत होते. मी त्यांना एवढेच विचारले की फेटलिंगमधला तो कामगार अजून तेथे आहे का. आहे, आणि नव्या मुलांना फलक वाचून दाखवायचे काम आता त्याच्याकडेच आहे, असे त्यांनी सांगितले. फलक तेथेच आहेत.